दिसलेलं भाडं, भरलेलं भाडं

विमानाचं तिकीट काढताना पहिल्या पानावर एक आकडा दिसतो आणि पैसे भरायच्या पानावर दुसराच. हा अनुभव इतका सर्रास आहे की त्याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण घरोघरी तयार झालं आहे: ‘मी दोनदा शोधलं ना, त्यांना कळलं मला जायचंच आहे, म्हणून वाढवलं.’ मग कोणी ब्राउझरचा इतिहास पुसतो, कोणी गुप्त खिडकी उघडून शोधतो, कोणी बायकोच्या फोनवरून बघतो. कधी भाडं खरोखर उतरतंही, आणि समज आणखी घट्ट होतो.

प्रत्यक्षात आकडा बदलण्यामागे एकच कारण क्वचित असतं. वाटेत चार-पाच ठिकाणी तो थोडा थोडा सरकतो. त्यातली काही ठिकाणं विमान कंपनीची असतात, काही एजन्सीची, आणि काही ठिकाणी प्रवाशानंच न बघता मारलेली टिचकी असते. कोणती वाढ कुठे झाली हे ओळखता येतं. त्यासाठी आधी हे पाहायला हवं की तो पहिला आकडा नेमका कोण दाखवतो.

विकणारा आणि नुसता दाखवणारा

मेकमायट्रिप, यात्रा, क्लिअरट्रिप, ईझमायट्रिप या ट्रॅव्हल एजन्सी आहेत. दुकान इंटरनेटवर आहे इतकंच. त्या पैसे घेतात, तिकीट काढून देतात, रद्द केलं तर परताव्याचा व्यवहार त्यांच्यामार्फत होतो. स्कायस्कॅनर, कयाक, गूगल फ्लाइट्स आणि हॉटेलांसाठी ट्रिवागो हा प्रकार वेगळा. या साइट्सचा मूळ धंदा विकण्याचा नाही. अनेक एजन्सी आणि विमान कंपन्यांचे भाव एका यादीत मांडायचे आणि टिचकी मारणाऱ्याला त्या त्या दुकानात नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. याला मेटासर्च म्हणतात. तिथून पुढे जो व्यवहार होतो तो बहुधा प्रवासी आणि एजन्सी यांच्यातला. मेटासर्चला मिळतो तो गिऱ्हाईक पाठवल्याचा मोबदला: कधी दर टिचकीमागे, कधी तिकीट विकलं गेल्यावर.

सीमारेषा मात्र पुसट झाली आहे. आपल्याकडची इक्सिगो २००७ साली सुरू झाली ती तुलना करणारी साइट म्हणून. नंतर ती स्वतः तिकिटं विकू लागली आणि आज ती एजन्सी म्हणूनच ओळखली जाते. मालकीतही गुंता आहे. कयाक २०१३ पासून प्राइसलाइनकडे आहे. त्याच समूहाचं आजचं नाव बुकिंग होल्डिंग्ज, आणि बुकिंग डॉट कॉम व अगोडाही त्याचेच. स्कायस्कॅनर २०१६ मध्ये चीनच्या सीट्रिपनं घेतलं, जो समूह आता ट्रिप डॉट कॉम या नावानं ओळखला जातो. ट्रिवागोत मोठा वाटा एक्सपीडियाचा. म्हणजे तुलना करणारा आणि तुलनेत उभा असलेला दुकानदार हे कधी कधी एकाच घरातले असतात. यानं तुलना खोटी ठरत नाही, पण निःपक्ष पंच समजून या यादीकडे बघणाऱ्यानं एवढं माहीत असू द्यावं.

आकडा शिळा का असतो

विमान कंपनी ‘इकॉनॉमी’ नावाचा एकच माल विकत नाही. एकाच प्रकारच्या खुर्च्या ती आठ-दहा किंवा त्याहून जास्त भाडे-वर्गांत वाटते आणि प्रत्येक वर्गाला एक इंग्रजी अक्षर असतं. प्रत्येक अक्षराचं भाडं वेगळं, आणि त्या भाड्यात किती खुर्च्या सोडायच्या हे कंपनीचा महसूल विभाग ठरवतो, बदलतो, पुन्हा बदलतो. ट्रॅव्हल एजंटच्या जुन्या काळ्या पडद्यावर हे सरळ दिसायचं, अजूनही दिसतं:

```
Y9 B9 M9 H7 Q4 L2
```

अर्थ असा: L या सर्वांत स्वस्त वर्गात दोनच जागा उरल्या आहेत, त्याच्या वरच्या Q वर्गात चार. ९ हा आकडा ‘नऊ किंवा जास्त’ यासाठी. L मधल्या दोन जागा दोघांनी घेतल्या की पुढच्या माणसाला त्याच विमानात, अगदी शेजारच्या खुर्चीसाठी, Q चं भाडं पडतं. सर्वांत स्वस्त वर्ग संपायला दोन टिचक्या पुरतात.

आता मेटासर्चची अडचण लक्षात येईल. पुणे–दिल्ली असं टाइप करताच तिला पाच-दहा सेकंदांत कित्येक एजन्सींकडून उत्तरं मिळवायची असतात. दर वेळी प्रत्येक एजन्सीनं विमान कंपनीच्या किंवा अमाडेउस, सेबर यांसारख्या वितरण प्रणालीच्या दारात जाऊन ताजा भाव विचारावा, हे महागात पडतं. बघणारे हजारो, घेणारे मूठभर. बघणं आणि घेणं यांचं हे प्रमाण फार बिघडलं तर प्रणालीचे मालक एजन्सीला जादा आकार लावतात किंवा तिची विचारपूसच आवरतात. म्हणून एजन्सी थोड्या वेळापूर्वी मिळालेला भाव साठवून ठेवते आणि पुढच्या विचारणाऱ्याला तोच देते. मेटासर्चही आपल्या परीनं साठवते. वर्तमानपत्रात छापलेला मार्केट यार्डाचा कांद्याचा भाव जसा काल पहाटेचा असतो, तसा यादीतला आकडा काही मिनिटांपूर्वीचा, कमी वर्दळीच्या मार्गावर काही तासांपूर्वीचाही असू शकतो. महिन्याच्या कॅलेंडरवर तारखांखाली जे स्वस्त आकडे चमकतात ते तर बहुतेक वेळा कोणा आधीच्या माणसाच्या शोधातून उरलेले असतात.

टिचकी मारल्यावर एजन्सी पहिल्यांदा खरा प्रश्न विचारते: हे भाडं, हा वर्ग, इतक्या जागा, आत्ता आहेत का? उत्तर ‘नाही’ आलं की ‘भाडं बदललं आहे’ अशी चौकट उघडते. त्यात बहुधा फसवणूक नसते. खऱ्या भावाशी प्रवाशाची पहिली भेट तिथे होते, एवढंच. भाडं बदललं की नाही याची चाचपणी एजन्सी साधारण दोनदा करते, एकदा विमान निवडल्यावर आणि एकदा पैसे घेण्याच्या आधी. त्यामुळे नावं, वयं, फोन नंबर भरून झाल्यावरही ती चौकट येऊ शकते.

गुप्त खिडकीच्या समजुतीत एक मजेची गोष्ट मात्र खरी आहे. काही आरक्षण प्रणालींत माणूस प्रवाशांची माहिती भरण्याच्या टप्प्यावर आला की त्याच्यासाठी जागा काही मिनिटं राखून ठेवली जाते. तीन खिडक्यांत तीन एजन्सी उघडून प्रत्येकीत अर्ध्यावर थांबणारा माणूस स्वतःच्याच हातानं स्वस्त वर्गातल्या जागा अडवून ठेवू शकतो. मग चौथ्या खिडकीत भाडं चढलेलं दिसतं, आणि अर्ध्या तासानं, राखीव जागा सुटल्यावर, उतरलेलं. श्रेय जातं इतिहास पुसण्याला.

पुण्याहून दिल्ली, तीन माणसं

हे सगळं एका व्यवहारात कसं उतरतं ते पाहू. यातले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण टप्पे नेहमीचे आहेत.

दिवाळीच्या सुटीत पुण्याचं एक कुटुंब दिल्लीला निघालं आहे. आई, बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. मेटासर्चच्या यादीत सर्वांत वर एका एजन्सीचं नाव आहे आणि भाडं ५,१०० रुपये. त्याच विमानासमोर खुद्द विमान कंपनीचा भाव ५,३५०. बाबा मनातल्या मनात तीननं गुणतात: १५,३००. देशांतर्गत विमानात दोन वर्षांवरच्या मुलाला बहुधा मोठ्यांइतकंच भाडं पडतं, तेव्हा गुणाकार बरोबर आहे. चूक आधीच झाली आहे: शोध एका प्रौढासाठी केला होता, कारण पान उघडतं तेच ‘१ प्रौढ’ असं लिहून.

एजन्सीच्या पानावर तीन प्रवासी टाकले. स्वस्त वर्गात दोनच जागा आहेत. इथे प्रणाली दोघांना स्वस्त आणि एकाला महाग असं करत नाही. एका आरक्षणात सगळे एकाच वर्गात बसवायचे हा तिचा सरधोपट नियम, म्हणून ती तिघांनाही वरच्या वर्गात नेते, जिथे भाडं माणशी ६०० रुपयांनी जास्त आहे.

दुसरी गोष्ट. ५,१०० हा आकडा एजन्सीनं २५० रुपयांची सूट आधीच वजा करून यादीत पाठवला होता. मूळ भाडं विमान कंपनीचंच, ५,३५०. ही सूट एका विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डावर आहे आणि दर आरक्षणाला एकदाच. बाबा यूपीआयनं पैसे भरणार आहेत. सूट गेली. आता माणशी ५,३५० अधिक ६००, म्हणजे ५,९५०, तिघांचे १७,८५०.

पुढच्या पानावर ‘कन्व्हिनिअन्स फी’: माणशी ३९०, एकूण १,१७०. बेरीज १९,०२०. त्याच्याखाली प्रवास विम्याचा चौकोन, ‘शिफारस केलेला’ असा शिक्का मारून, आधीच टिक केलेला: माणशी १९९, एकूण ५९७. बेरीज १९,६१७. मग खुर्च्यांचा नकाशा. मुलगी एकटी पडायला नको म्हणून सलग तीन खुर्च्या, प्रत्येकी ३५०, एकूण १,०५०.

शेवटचा आकडा २०,६६७.

पाच हजार तीनशे सदुसष्ट रुपये वाढले, आणि घरी एकच वाक्य ऐकू येईल, ‘शेवटी भाव वाढवला’. पण वाढ सुटी करून पाहिली तर तिचे स्वभाव वेगवेगळे आहेत. वर्ग बदलल्यामुळे वाढलेले १,८०० विमान कंपनीचे. एजन्सी बदलून ते टळले नसते. सूट उडाली म्हणून ७५० आणि फीचे १,१७० हे एजन्सीच्या मांडणीतून आले. यादीत पहिलं येण्यासाठी तिनं भाडं कमी दाखवलं आणि दुकानात आल्यावर भरून काढलं. विम्याचे ५९७ हे न विचारता टोपलीत टाकलेले. आणि खुर्च्यांचे १,०५० कुटुंबानं स्वतः निवडलेले, पण ते गरजेचे नव्हते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. त्यासाठी खुर्ची विकत घ्यावी लागू नये, असाच त्याचा अर्थ.

‘त्याच पीएनआरवरच्या’ या शब्दांना इथे किंमत आहे. स्वस्त वर्गात दोन जागा आहेत हे हेरलं तर आई आणि मुलगी यांचं एक आरक्षण ५,३५० दरानं आणि बाबांचं वेगळं ५,९५० दरानं काढता येतं: १६,६५०, म्हणजे १,२०० रुपये वाचले, आणि मुलीचा हक्कही शाबूत. जोखीम एवढीच की विमान रद्द झालं किंवा चुकलं तर दोन आरक्षणं ही प्रणालीच्या नजरेत दोन अनोळखी गट असतात. आई-मुलीला संध्याकाळच्या विमानात आणि बाबांना दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळू शकते. जागा किती आहेत हे हेरायची युक्ती सोपी आहे: आधी एकासाठी शोधावं, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी. माणशी आकडा ज्या पायरीला उडी मारतो तिथे स्वस्त वर्ग संपला.

परदेशी एजन्सी यादीत वर आली असेल तर आणखी एक टप्पा असतो, आणि तो पैसे भरून झाल्यावर कळतो. भाव रुपयांत दिसतो पण कार्डावर आकार डॉलरमध्ये किंवा युरोत पडतो. भारतीय बँका अशा व्यवहारावर साधारण दोन ते साडेतीन टक्के विनिमय आकार लावतात आणि त्यावर जीएसटी. दुबई किंवा लंडनच्या तिकिटात ही रक्कम यादीतल्या पहिल्या आणि तिसऱ्या भावातलं अंतर सहज गिळून टाकते.

सामानाविना भाडं

यादीत वर येण्याचा आणखी एक सरळ मार्ग आहे: विकायची वस्तूच लहान करायची. एअर इंडिया एक्स्प्रेसनं २०२४ मध्ये ‘एक्स्प्रेस लाइट’ हे भाडं आणलं, ज्यात पोटात टाकायचं सामान नसतं, फक्त हातातलं. युरोपात हा प्रकार फार जुना आहे. पाठीवर एक पिशवी टाकून जाणाऱ्याला हे भाडं फायद्याचंच, आणि कंपनी ते लपवतही नाही. पण मेटासर्च एका विमानासमोर सर्वांत कमी आकडा मांडते, तेव्हा शेजारच्या कंपनीचं पंधरा किलो सामानासह भाडं महाग वाटू लागतं. काही मेटासर्च साइट्स बॅगेचं छोटं चित्र दाखवतात आणि त्यानुसार गाळणीही लावू देतात. ती गाळणी न लावता केलेली तुलना वेगवेगळ्या मालाची असते.

ट्रिवागोचा खटला

आतापर्यंत यादी निदान प्रामाणिक आहे असं धरलं: स्वस्त वर, महाग खाली. हॉटेलांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियात हेच तपासलं गेलं, आणि जे बाहेर आलं ते मेटासर्चच्या धंद्याची आतली बाजू दाखवणारं होतं.

ट्रिवागोच्या दूरचित्रवाणी जाहिराती तिथे जोरात चालत. मुद्दा एकच: एकाच खोलीचे वेगवेगळ्या साइट्सवर वेगवेगळे भाव असतात, आम्ही तुम्हाला सर्वांत चांगला भाव शोधून देतो. साइटवर प्रत्येक हॉटेलासमोर एक भाव ठळक हिरव्या अक्षरांत, मोकळ्या पांढऱ्या जागेत झळकायचा. बाकीचे भाव बारीक किंवा टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या पट्टीत. बघणारा साहजिकच समजायचा की हिरवा तो स्वस्त.

तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगानं ट्रिवागोला न्यायालयात नेलं आणि त्या हिरव्या जागेचा निवाडा करणारं गणित उघडं करायला लावलं. ते गणित भावासोबत हेही बघत होतं की टिचकीमागे ट्रिवागोला कोण किती पैसे देतो. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांसमोर जी आकडेवारी आली तिच्यानुसार ६६.८ टक्के यादीनोंदींत हिरव्या जागेवरचा भाव सर्वांत स्वस्त नव्हता. त्याच हॉटेलासाठी कमी भाव दुसऱ्या कोणाकडे होता. शिवाय ज्या मोठ्या आकड्यावर लाल काट मारून ‘इतकी बचत’ भासवली जायची, तो कधी कधी त्याच हॉटेलातल्या वरच्या दर्जाच्या खोलीचा असायचा. साध्या खोलीची तुलना आलिशान खोलीशी.

जानेवारी २०२० मध्ये फेडरल न्यायालयानं ट्रिवागोनं ग्राहकांची दिशाभूल केल्याचा निकाल दिला. अपील त्याच वर्षी फेटाळलं गेलं. एप्रिल २०२२ मध्ये दंड ठरला: ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर.

या खटल्यात कोणी शेवटच्या पानावर भाव वाढवला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. यादीतला आकडा आणि एजन्सीकडचा आकडा जुळतही असतील. दिशाभूल पहिल्या पानावरच झाली होती, ‘वर’ या शब्दाचा अर्थ ‘स्वस्त’ असा वाटू देऊन. त्यानंतर बऱ्याच साइट्सनी यादीजवळ बारीक अक्षरांत लिहायला सुरुवात केली की क्रम लावताना मिळणाऱ्या मोबदल्याचाही विचार होतो. ब्रिटनमध्ये तर २०१९ सालीच तिथल्या स्पर्धा प्राधिकरणानं एक्सपीडिया, बुकिंग डॉट कॉम, अगोडा आणि ट्रिवागो यांच्यासह सहा साइट्सकडून तशी कबुली लिहून घेतली होती, आणि टाळता न येणारे सगळे आकार पहिल्या भावातच दाखवण्याचीही. ‘शिफारस केलेले’ हा क्रम बदलून ‘कमी भाव आधी’ असा लावायला दोन सेकंद लागतात. ट्रिवागोच्या प्रकरणानंतर ते दोन सेकंद न घालवणं हा शुद्ध आळस म्हणायला हवा.

नियम काय म्हणतात

युरोपीय संघात २००८ च्या विमानसेवा नियमानं सक्ती केली आहे की कर आणि टाळता न येणारे आकार धरून होणारी पूर्ण किंमत सतत दिसली पाहिजे, आणि ऐच्छिक गोष्टी प्रवाशानं स्वतः निवडल्या पाहिजेत. हा नियम एजन्सीनं टाकलेल्या विम्यालाही लागू होतो का, असा वाद ईबुकर्स या साइटच्या जर्मन कंपनीवरून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला, कारण विमा विकणारा विमान कंपनीहून वेगळा होता. २०१२ मध्ये न्यायालयानं उत्तर दिलं: लागू होतो. आधीच टिक केलेला चौकोन तिथे तेव्हापासून बेकायदा आहे.

भारतात हे जरा उशिरा आलं, पण आलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार आहेत आणि तिकिटांच्या बाबतीत दोन महत्त्वाचे. ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणजे किमतीचे घटक आधी न दाखवता थेंबाथेंबानं उघड करणं. ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणजे ग्राहकाच्या संमतीशिवाय पैसे भरायच्या वेळी टोपलीत वस्तू घालणं. पुण्याच्या कुटुंबाचा आधीच टिक केलेला विमा या दुसऱ्यात बसतो. डीजीसीएचं २०२४ चं परिपत्रकही विमान कंपन्यांना सांगतं की ऐच्छिक सेवा प्रवाशानं स्वतः निवडल्या तरच लावाव्यात.

कन्व्हिनिअन्स फीचं काय? इथे नियमाची धार बोथट होते. फी किती घ्यावी यावर ही तत्त्वं बंधन घालत नाहीत, ती आधी उघड करा एवढंच म्हणतात. आणि ‘आधी’ म्हणजे कधी यावर एजन्सीचं उत्तर तयार असतं: पैसे भरण्याच्या आधी, शेवटच्या पानावर. मेटासर्चच्या यादीतल्या आकड्यात ती धरलेली असावी की नसावी हे यादी चालवणारा आणि एजन्सी यांच्या करारावर सोडलेलं राहतं. स्कायस्कॅनर आपल्या यादीतल्या एजन्सींना तारे देते आणि त्यात भाव जुळतो का, लपवलेले आकार आहेत का हेही धरते. तारे कमी आणि भाव सर्वांत खाली, अशी एजन्सी दिसली की त्या स्वस्ताईचं कारण बहुधा पुढच्या पानांवर सापडतं.

अगदी अनोळखी एजन्सीच्या बाबतीत वाढ पैसे भरल्यानंतरही येते. खात्यातून रक्कम जाते, ‘तुमचं आरक्षण प्रक्रियेत आहे’ असा ईमेल येतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन: भाडं वाढलं आहे, फरक भरा नाहीतर पैसे परत. एजन्सीनं साठवलेल्या भावावर पैसे घेतले, पण तिकीट काढलंच नव्हतं. ओळखायची खूण म्हणजे सहा अक्षर-अंकांचा पीएनआर विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर टाकून पाहणं. नाव आणि विमान तिथे दिसलं तर जागा आहे. एअर इंडियासारख्या कंपनीच्या तिकिटाला शिवाय तेरा अंकी क्रमांक असतो, ०९८ नं सुरू होणारा. तो नसेल तर जागा नुसती राखलेली आहे, तिकीट निघालेलं नाही. एजन्सीचा स्वतःचा लांबलचक ‘बुकिंग आयडी’ यातलं काहीच सिद्ध करत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर शेवटच्या पानाचा फोटो पुरत नाही. यादीचं पान, त्यावरची वेळ, प्रवाशांची संख्या आणि एजन्सीच्या पहिल्या पानावरचा भाडे-तपशील हे सगळं जोडीनं असेल तरच वाढ कोणत्या टप्प्यावर झाली ते दाखवता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ‘भाव वाढवला’ एवढंच सांगितलं तर कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं, की विमानभाडं सतत बदलतं, आणि ते खरंही असतं. ‘भाडं तेच राहिलं, पण न विचारता ५९७ रुपयांचा विमा घातला’ असं म्हटलं तर त्याला ते उत्तर लागू पडत नाही.

तिकीट रद्द केलं तर हे सगळे तुकडे पुन्हा वेगळे होतात. डीजीसीएच्या नियमांनुसार एजन्सीकडून घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची असते, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी मानला जातो. पण ही जबाबदारी विमान कंपनीकडे गेलेल्या पैशांपुरती. पुण्याच्या कुटुंबानं दिल्लीचा बेत रद्द केला, तर १७,८५० मधून कंपनीचा रद्द-आकार वजा होऊन उरलेलं परत येईल. एजन्सी रद्द करण्याची आपली वेगळी फी लावेल. आणि सुरुवातीची कन्व्हिनिअन्स फी, ते १,१७० रुपये, बहुतेक एजन्सींच्या अटींनुसार परत मिळत नाहीत.